लेन्सच्या गणितात प्लस की मायनस? एका चिन्हामुळे प्रतिमा कुठून कुठे जाते, ते समजून घ्या

आधी एक गणित बघा.

१० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर १५ सेंमीवर एक मेणबत्ती ठेवली आहे. भिंगाच्या पलीकडे, त्याच्यापासून २० सेंमीवर, एक अंतर्वक्र भिंग आहे. त्याचं नाभीय अंतरही २० सेंमी आहे. तर मेणबत्तीची शेवटची प्रतिमा कुठे मिळेल?

हे गणित वर्गात दिलं तर साधारण दोन उत्तरं येतात. काही जण म्हणतात, अंतर्वक्र भिंगाच्या पलीकडे २० सेंमीवर, पडद्यावर धरता येईल अशी वास्तव प्रतिमा. काही जण म्हणतात, अंतर्वक्र भिंगाच्या अलीकडे ६.६७ सेंमीवर, पडद्यावर कधीच न येणारी आभासी प्रतिमा.

दोघांनी सूत्र एकच वापरलेलं असतं. आकडेमोडही दोघांची बरोबर असते. फरक असतो तो फक्त एका चिन्हाचा. एकाने एका जागी +१० लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने −१०.

यातलं कुठलं बरोबर आणि का, हे कळलं की लेन्सच्या सूत्रातली चिन्हांची भानगड कायमची सुटते. त्यासाठी पाठांतर लागत नाही. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते.

सूत्र काय सांगतं?

भिंगाचं सूत्र असं आहे :

१/v − १/u = १/f

यात u म्हणजे भिंगापासून वस्तूचं अंतर, v म्हणजे भिंगापासून प्रतिमेचं अंतर आणि f म्हणजे नाभीय अंतर.

आता अंतर म्हटलं की आपल्याला वाटतं, त्यात मायनस कुठून आला? पुणे ते सातारा अंतर कधी मायनस असतं का? नसतं. पण या सूत्रातली u, v, f ही नुसती अंतरं नाहीत, ती जागा सांगतात. भिंगापासून किती लांब हे आकड्यातून कळतं आणि कुठल्या बाजूला हे चिन्हातून कळतं.

शाळेत आपण आलेख काढतो तेव्हा मधोमध शून्य घेतो. उजवीकडे प्लस, डावीकडे मायनस. इथेही नेमकं तेच करायचं आहे. म्हणूनच या पद्धतीला कार्टेशियन चिन्ह संकेत म्हणतात. आलेखाच्या अक्षांची कल्पना ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या फ्रेंच गणिती रने देकार्तच्या नावावरून हे नाव आलं.

नियम असा :

शून्य म्हणजे भिंगाचं प्रकाशीय केंद्र. सगळी अंतरं तिथून मोजायची. प्रकाश ज्या दिशेने जातोय त्या दिशेची अंतरं धन, म्हणजे प्लस. त्याच्या उलट दिशेची ऋण, म्हणजे मायनस. आकृती काढताना प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो असं धरायचं, म्हणजे भिंगाच्या उजवीकडचं सगळं प्लस आणि डावीकडचं सगळं मायनस.

f साठी एवढं लक्षात ठेवायचं, की बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर प्लस आणि अंतर्वक्राचं मायनस. कारण समांतर किरण आले तर बहिर्वक्र भिंग त्यांना पलीकडे, म्हणजे प्लसच्या बाजूला एकत्र आणतं. अंतर्वक्र भिंग त्यांना पसरवतं आणि ते अलीकडच्या, म्हणजे मायनसच्या बाजूच्या बिंदूतून आल्यासारखे वाटतात. गणितात ‘२० सेंमी नाभीय अंतराचं अंतर्वक्र भिंग’ असं लिहिलेलं असतं, तिथे मायनस दिलेला नसतो. तो आपण लावायचा.

आता पहिलं भिंग सोडवू

दोन भिंगं असली तरी एका वेळी एकच सोडवायचं. दुसरं भिंग तिथे नाहीच असं समजायचं.

मेणबत्ती पहिल्या भिंगाच्या डावीकडे १५ सेंमीवर आहे. डावीकडे म्हणजे मायनस, म्हणून u = −१५. भिंग बहिर्वक्र आहे, म्हणून f = +१०. v आपल्याला माहीत नाही, म्हणून त्याला कुठलंच चिन्ह लावायचं नाही. ते जसंच्या तसं ठेवायचं.

```
१/v = १/f + १/u
१/v = १/१० − १/१५
१/v = ३/३० − २/३० = १/३०
v = +३०
```

इथे १/३० आल्यावर v = १/३० असं लिहून पुढे जाणारेही सापडतात. आपण १/v काढलंय, v नाही. शेवटी उलटं करायला विसरायचं नाही.

उत्तर प्लस आलं, म्हणजे प्रतिमा भिंगाच्या उजवीकडे ३० सेंमीवर. तिथे किरण खरोखर एकत्र येतात, म्हणून वास्तव प्रतिमा.

हे पटतंय का तेही बघू. मेणबत्ती नाभीच्या थोडी बाहेर आहे, म्हणजे १० सेंमीच्या पलीकडे, पण दुप्पट नाभीय अंतराच्या, म्हणजे २० सेंमीच्या आत. अशा वेळी बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा पलीकडे २० सेंमीच्या बाहेर पडते. आपलं उत्तर ३० आहे. बरोबर.

खरी गंमत दुसऱ्या भिंगात आहे

पहिल्या भिंगाची प्रतिमा दुसऱ्या भिंगासाठी वस्तू होते. हे सगळ्यांना माहीत असतं. आता ती प्रतिमा कुठे आहे ते बघा. पहिल्या भिंगापासून ३० सेंमीवर. आणि दुसरं भिंग? पहिल्यापासून २० सेंमीवर.

म्हणजे किरण ३० सेंमीवर एकत्र यायला निघाले होते, पण वाटेत २० सेंमीवरच दुसऱ्या भिंगाने त्यांना गाठलं. ते जिथे भेटणार होते तो बिंदू दुसऱ्या भिंगाच्या पलीकडे १० सेंमीवर आहे.

आता शून्य हललं. आता शून्य म्हणजे दुसऱ्या भिंगाचं केंद्र. त्या शून्यापासून ‘वस्तू’ उजवीकडे १० सेंमीवर आहे. उजवीकडे म्हणजे प्लस. म्हणून u = +१०.

इथेच निम्म्या लोकांचा हात −१० लिहितो. कारण आतापर्यंतच्या प्रत्येक गणितात u मायनस आलेला असतो. एकच भिंग, समोर एक खरी वस्तू, वस्तू डावीकडे, u मायनस. पन्नास गणितं अशी सोडवली की डोक्यात नियम तयार होतो, की u नेहमी मायनस. पण असा नियम कुठेच नाही. u मायनस यायचा, कारण वस्तू डावीकडे असायची. वस्तूची जागा बदलली की चिन्हही बदलणार.

एवढीच ती डोक्यात बसवायची गोष्ट. चिन्ह अक्षराला नसतं, बाजूला असतं.

अशा वस्तूला आभासी वस्तू म्हणतात. नाव ऐकून गोंधळ होतो, कारण भिंगाच्या उजवीकडे कुठलीच मेणबत्ती नाही. अर्थ एवढाच, की भिंगावर येणारे किरण पसरत येत नाहीत, ते आधीच एकत्र यायला निघालेले आहेत. ते जिथे एकत्र आले असते त्या जागेला आपण वस्तू म्हणतोय.

आता सोडवू. u = +१०, आणि भिंग अंतर्वक्र म्हणून f = −२०.

```
१/v = १/f + १/u
१/v = −१/२० + १/१०
१/v = −१/२० + २/२० = १/२०
v = +२०
```

शेवटची प्रतिमा दुसऱ्या भिंगाच्या उजवीकडे २० सेंमीवर. वास्तव. तिथे पडदा धरला तर ज्योत दिसेल.

तर पहिल्या गटाचं उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या गटाने u = −१० घेतलं. मग १/v = −१/२० − १/१० = −३/२०, म्हणून v = −६.६७. त्यांच्या उत्तराप्रमाणे पडद्यावर काहीच येणार नाही.

पर्याय दिलेल्या प्रश्नात बऱ्याचदा हे चुकीचं उत्तरही पर्यायांमध्ये बसलेलं असतं. त्यामुळे उत्तर पर्यायात सापडलं म्हणजे ते बरोबर आलं, असं समजता येत नाही.

सूत्राशिवाय उत्तर कसं तपासायचं?

किरणांकडे बघा. पहिल्या भिंगातून निघालेले किरण एकमेकांकडे झुकत चाललेत. अंतर्वक्र भिंगाचं काम किरणांना पसरवण्याचं. इथे ते काय करणार? किरणांचं एकत्र येणं थोडं ढिलं करणार. म्हणजे जे किरण १० सेंमीवर भेटणार होते, ते आता जरा लांब जाऊन भेटतील. आपलं उत्तर २०. दहापेक्षा लांब. जुळलं.

याउलट उत्तर +७ आलं असतं, तर अंतर्वक्र भिंगाने किरण आणखी लवकर एकत्र आणले असा त्याचा अर्थ झाला असता. ते शक्य नाही. मग f चं चिन्ह चुकलंय हे लगेच कळलं असतं. खरंच f = +२० घालून बघा, उत्तर +६.६७ येतं.

पण म्हणून ‘आभासी वस्तू असली की अंतर्वक्र भिंग वास्तव प्रतिमाच देतं’ असा नवा नियम पाठ करू नका. आपल्याच गणितात दुसरं भिंग पहिल्याच्या जवळ सरकवू. दोन्हींमध्ये २० ऐवजी १० सेंमी अंतर ठेवलं, तर किरणांचा भेटण्याचा बिंदू दुसऱ्या भिंगाच्या पलीकडे २० सेंमीवर येतो. u = +२०. मग १/v = −१/२० + १/२० = ०. म्हणजे किरण समांतर बाहेर पडले, ते कुठेच भेटणार नाहीत.

आणखी सरकवून दुसरं भिंग पहिल्याला चिकटवलं, तर u = +३०. मग १/v = −१/२० + १/३० = −१/६०, म्हणून v = −६०. आता प्रतिमा आभासी झाली.

हे शेवटचं उत्तर दुसऱ्या वाटेनेही तपासता येतं. चिकटलेल्या पातळ भिंगांचं मिळून एक भिंग धरता येतं : १/f = १/१० − १/२० = १/२०, म्हणजे f = +२०. मेणबत्ती आधीच्याच जागी, u = −१५. मग १/v = १/२० − १/१५ = −१/६०. पुन्हा v = −६०. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं. u = +३० च्या जागी −३० घेतलं असतं तर ते आलं नसतं.

प्रतिमा उलटी की सुलटी?

ते विशालनावरून कळतं. भिंगासाठी विशालन = v/u. पहिल्या भिंगाचं ३०/(−१५) = −२. दुसऱ्याचं २०/१० = +२. दोन्हींचा गुणाकार −४. मायनस म्हणजे प्रतिमा उलटी, ४ म्हणजे चौपट मोठी. ज्योत २ सेंमी उंच असेल तर पडद्यावर ८ सेंमीची उलटी ज्योत दिसेल.

आरशाचं विशालन मात्र −v/u असतं आणि आरशाचं सूत्र १/v + १/u = १/f. भिंगाच्या सूत्रात मधे मायनस, आरशाच्या सूत्रात मधे प्लस. हे दोन धडे पाठोपाठ शिकल्यामुळे हमखास अदलाबदल होते.

माहीत नसलेल्या राशीला चिन्ह लावू नका

आणखी एक चूक हुशार मुलं जास्त करतात. समजा तेच १० सेंमीचं बहिर्वक्र भिंग आहे आणि वस्तू ६ सेंमीवर, म्हणजे नाभीच्या आत आहे. हुशार मुलाला माहीत असतं, की अशा वेळी प्रतिमा आभासी येते आणि वस्तूच्याच बाजूला पडते. म्हणून तो आधीच v च्या जागी −v लिहितो.

नुसतं सोडवलं तर काय येतं बघा. १/v = १/१० − १/६ = ३/३० − ५/३० = −२/३०, म्हणून v = −१५. सूत्राने स्वतःच मायनस दिला आणि सांगितलं, की प्रतिमा डावीकडे १५ सेंमीवर आहे. विशालन (−१५)/(−६) = +२.५, म्हणजे सुलटी आणि अडीचपट. भिंगातून पेपरची बारीक अक्षरं मोठी दिसतात, ती अशी.

ज्याने आधीच −v लिहिलं, त्याचं उत्तर v = +१५ येतं. ते प्लस बघून तो ‘वास्तव प्रतिमा’ असं लिहून मोकळा होतो. मायनस दोनदा लागला आणि एकमेकांना खाऊन गेला.

चिन्ह लावायचं ते गणितात दिलेल्या राशींना. ‘पडद्यावर ३० सेंमीवर प्रतिमा मिळाली’ असं दिलं असेल तर v ठाऊक आहे, मग v = +३० घ्या. जे काढायचं आहे त्याचं चिन्ह सूत्राला काढू द्या.

पुस्तकं बदलली की सूत्र बदलतं

इंटरनेटवर व्हिडिओ बघून अभ्यास करताना आणखी एक गोष्ट होते. काही परदेशी पुस्तकांत, खासकरून ब्रिटिश शालेय पुस्तकांत, भिंगाचं सूत्र १/u + १/v = १/f असं असतं. ते चुकीचं नाही. तिथे नियम वेगळा आहे : वास्तव वस्तू आणि वास्तव प्रतिमेची अंतरं प्लस, आभासीची मायनस. त्या पद्धतीत आपल्या मेणबत्तीसाठी u = +१५ घ्यायचं, म्हणजे १/v = १/१० − १/१५ आणि v = ३०. उत्तर तेच.

घोळ होतो तो सूत्र तिकडचं आणि चिन्ह इकडचं घेतल्यावर. तिकडच्या सूत्रात u = −१५ घातलं तर १/v = १/१० + १/१५ = १/६, म्हणजे v = ६ येतं. बहिर्वक्र भिंगापासून ६ सेंमीवर वास्तव प्रतिमा!

हे चुकलंय हे ओळखायची सोपी खूण आहे. अगदी लांबून, समांतर आलेले किरण हे भिंग १० सेंमीवर एकत्र आणतं. जवळच्या मेणबत्तीचे किरण तर पसरत येतात, त्यांना एकत्र आणणं त्याहून अवघड. मग ते १० च्या आत कसे भेटतील? म्हणून खऱ्या वस्तूची वास्तव प्रतिमा बहिर्वक्र भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत कधीच येत नाही. आली तर चिन्ह तपासा.

अर्थात या सगळ्याला एक मर्यादा आहे. हे सूत्र पातळ भिंगासाठी, अक्षाच्या जवळून जाणाऱ्या किरणांसाठी आणि भिंगाच्या दोन्ही बाजूंना एकच माध्यम असेल तेव्हाचं आहे. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा असेल तर ते असंच्या असं लागू होत नाही.

चष्म्याच्या नंबरातला मायनस

हाच मायनस चष्म्याच्या चिठ्ठीवरही असतो. समजा एखाद्याला ५० सेंमीच्या पलीकडचं धूसर दिसतं. लांबच्या डोंगराची प्रतिमा त्याच्या डोळ्यासमोर ५० सेंमीवर आणून ठेवायची आहे, म्हणजे त्याला ती स्पष्ट दिसेल. डोंगर इतका लांब की १/u शून्य धरता येतं. प्रतिमा डोंगराच्याच बाजूला हवी, म्हणजे v = −५० सेंमी. मग १/f = १/v, म्हणजे f = −५० सेंमी, म्हणजेच −०.५ मीटर. भिंगाची शक्ती म्हणजे मीटरमधल्या f चा व्यस्त, १/(−०.५) = −२ डायॉप्टर.

चष्म्याच्या दुकानात ज्याला ‘मायनस दोन नंबर’ म्हणतात, तो हाच. मायनसऐवजी प्लस दोनची काच बसवली तर भिंग बहिर्वक्र होईल आणि त्या माणसाला ५० सेंमीच्या खूप अलीकडचंही धूसर दिसायला लागेल.